क्रेडिट कार्डची लिमिट वाढवायचं पत्र : बँक त्यात नेमकं काय बघते

आमचा मेव्हणा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. महिन्यातनं तीन-चारदा त्याला चाकणला कस्टमरकडं पळावं लागतं, गाडी, हॉटेल, जेवण सगळं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर टाकायचं आणि मग कंपनी पुढच्या महिन्यात बिलं बघून पैसे देते. कार्डची लिमिट साठ हजार. महिन्याच्या वीस-बावीस तारखेलाच कार्ड भरतंय, मग हॉटेलच्या काउंटरवर डिक्लाईन, मग मित्राला फोन करून जीपे मागायचं, असले प्रकार. एका रविवारी रंकाळ्यावर भेळ खाताना म्हणाला, "दाजी, लिमिट वाढवायला पत्र दिलं ओ बँकेत, देईनात की."

मी आधी आठ वर्षं एका बँकेत कर्जाच्या फायली तपासायचं काम केलंय, आता उद्यमनगरात लोकांची अकाउंटची कामं करतो. म्हटलं पत्र दाखव. मोबाईलात फोटो होता. त्यात असं होतं : माझी लिमिट खूप कमी आहे, मला वारंवार अडचण येते, माझं उत्पन्न ७१,००० रुपये आहे, मी तुमचा जुना आणि प्रामाणिक ग्राहक आहे, तरी कृपया लिमिट ३,००,००० करावी ही नम्र विनंती.

वाचायला बरं वाटतं, पण या चार ओळींत बँकेनं नाही म्हणावं अशा तीन गोष्टी आहेत. हे पत्र बरेच जण असंच लिहितात म्हणून त्याचंच उदाहरण घेऊन सांगतो.

पहिलं म्हणजे हे पत्र वाचतो कोण ते समजून घ्या. आपण देतो शाहूपुरीच्या नाहीतर राजारामपुरीच्या शाखेत, तिथला साहेब ओळखीचा असतो, चहा पण पाजतो, पण कार्डची लिमिट त्याच्या हातात बहुतेक वेळा नसतेच. पत्र जातं कार्ड विभागाकडं, तो मुंबईत नाहीतर चेन्नईत कुठंतरी, आणि तिथं बसलेल्या माणसासमोर दोन खिडक्या उघड्या असतात, एकात तुमचं पत्र आणि कागद, दुसऱ्यात बँकेची स्वतःची नोंद आणि सिबिलसारख्या संस्थेचा रिपोर्ट. तो फक्त एवढंच बघतो की पत्रातलं आणि नोंदीतलं जुळतंय का, आणि नोंदीत जे दिसत नाही ते पत्रात आलंय का. 'अडचण येते' हे वाक्य तर त्याला उलटंच वाटतं, कारण पैशाची अडचण असलेल्या माणसाला जास्त उधारी देणं म्हणजे त्याच्या दृष्टीनं धोका.

मग नोंदीत काय दिसत नाही? मेव्हण्याचं कार्ड २०२१ चं. तेव्हा त्याचा पगार हातात यायचा २७,५०० आणि त्यावर बँकेनं साठ हजार दिले. आज पगार हातात ५२,४०० येतो. पण मधे त्यानं नोकरी बदलली, नवीन पगार दुसऱ्या बँकेत जमा होतो, त्यामुळं कार्डवाल्या बँकेच्या लेखी हा माणूस अजून २७,५०० वालाच आहे. पत्राचं निम्मं काम एवढंच, की तुमच्याकडं असलेला माझा आकडा जुना झालाय, हा घ्या नवा आणि हा त्याचा पुरावा.

आता ते ७१,००० कुठनं आलं? मी विचारलं तर म्हणाला, "खात्यावर तेवढे येतात की." म्हणजे पगार ५२,४०० आणि टूरच्या खर्चाचे परत मिळालेले अठरा-एकोणीस हजार, दोन्ही कंपनीकडनंच येतात म्हणून यानं बेरीज केली. इथंच गाडी रुतली. परत मिळालेला खर्च हे उत्पन्न नव्हे, ते तुमचेच आधी गेलेले पैसे परत आलेत. सॅलरी स्लिपवर ५२,४०० आणि पत्रात ७१,००० असं दिसलं की तपासणारा माणूस बेरीज-वजाबाकी करत बसत नाही, तो 'उत्पन्न जुळत नाही' असा शेरा मारतो आणि पुढची फाईल घेतो. मी स्वतः मारलेत असले शेरे. दिवसाला साठ-सत्तर फायली असायच्या, कुणाला फोन करून विचारायला वेळ कुठला.

म्हणून उत्पन्न लिहिताना एकच आकडा लिहायचा, स्लिपवर सगळ्यात खाली असतो तो हातात येणारा, आणि तोच बँक स्टेटमेंटमध्ये 'सॅलरी' म्हणून जमा झालेला दिसला पाहिजे, रुपयाला रुपया. ओव्हरटाईम किंवा इन्सेंटिव्हमुळं दर महिन्याला थोडा कमीजास्त होत असेल तर तीन महिन्यांचे तीन आकडे लिहा, सरासरी काढून गोल करू नका. धंदेवाल्यांचं गणित वेगळं, तिथं उलाढाल नाही तर रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न धरतात. चप्पल लाईनला दुकान आहे, महिन्याला चार लाखाचा गल्ला आहे, पण आयटीआरमध्ये वर्षाचं उत्पन्न साडेचार लाख दाखवलंय, तर बँकेच्या लेखी तुम्ही साडेचार लाखवालेच. टॅक्स वाचवताना कमी दाखवायचं आणि लिमिट मागताना जास्त सांगायचं हे दोन्ही एकदम जमत नाही.

आता परतफेडीचं. मेव्हण्याचं म्हणणं, मी कधी बिल बुडवलं नाही, मग सिबिलला काय प्रॉब्लेम. रिपोर्ट काढून बघितला, वर्षातनं एकदा प्रत्येक संस्थेकडनं फुकट मिळतो तो, त्याला पैसे भरायची गरज नाही. तर त्यात लिमिट ६०,००० आणि वापर ४७,०००, म्हणजे जवळपास ७८ टक्के. साधारण तीस टक्क्यांच्या आसपास वापर असला तर चांगला मानतात, आणि सत्तर-ऐंशी टक्के म्हणजे हा माणूस उधारीवर जगतोय असा वास येतो.

पण हा तर दर महिन्याला पूर्ण भरतो! मग? इथं लोकांची गफलत होते. बँक ठराविक तारखेला तुमची बाकी सिबिलला कळवते, १ जानेवारी २०२५ पासून तर महिन्यातनं निदान दोनदा, पंधरवड्याला. त्या दिवशी जी बाकी असेल ती रिपोर्टात जाते. याचं बिल तयार होतं ३ तारखेला, भरायची मुदत २१, आणि हा पठ्ठ्या भरतो बरोबर २० ला. मधल्या पंधरवड्याचा आकडा जातो तेव्हा बिल भरायचंच असतं, महिनाअखेरीचा जातो तोपर्यंत चाकणची फेरी झालेली असते, म्हणजे रिपोर्टात कार्ड कायम भरलेलंच. पूर्ण भरणारा आणि नुसतं मिनिमम भरून व्याज ओढत बसणारा, दोघंही त्या एका आकड्यात सारखेच दिसतात.

पत्राचं उरलेलं निम्मं काम हे. वापर जास्त दिसतोय तो पैसे नाहीत म्हणून नव्हे, लिमिट लहान आहे आणि खर्च नियमित आहे म्हणून, आणि प्रत्येक बिल पूर्ण भरलंय, हे बारा बिलांच्या आकड्यानं दाखवायचं. 'वेळेवर भरतो' एवढं पुरत नाही, कारण मिनिमम वेळेवर भरणारा पण वेळेवरच भरत असतो. 'टोटल ड्यू भरली' हा शब्द पाहिजे. आणि हे तपासणं बँकेला अगदी सोपं आहे, नोंद तिचीच आहे, तुम्ही फक्त तिचं बोट तिथं नेऊन ठेवायचं. (एक उपाय पत्राबाहेरचा पण आहे, अर्ज द्यायच्या आधी दोन महिने बाकी कळवायच्या तारखांच्या आधीच बरेचसे पैसे भरून टाकायचे, म्हणजे रिपोर्टातला आकडाच खाली येतो. मेव्हण्याला ते जमण्यासारखं नव्हतं, महिनाअखेरीच्या खर्चाचे कंपनीचे पैसे पुढच्या महिन्यात दहा तारखेनंतर येतात.)

मग मी विचारलं, एखादं बिल चुकलंय का? म्हणाला नाही. मी म्हटलं परत आठव. नोकरी बदलली तेव्हाचं निघालं, ऑगस्ट २०२४, ऑटो डेबिट जुन्या पगाराच्या खात्याला लावलेलं, त्यात पैसे नव्हते, बाऊन्स झालं, याच्या लक्षात आलं नऊ दिवसांनी आणि मग पूर्ण भरलं. आता नियम असा आहे की मुदतीनंतर तीन दिवसांच्या आत भरलं तर बँक ते थकीत म्हणून कळवत नाही आणि लेट फी पण लावत नाही. पण नऊ दिवस म्हणजे ते गेलंच. सिबिलच्या रिपोर्टात महिन्यामहिन्याचे चौकोन असतात, वेळेवर भरलं की त्यात ०००, नाहीतर किती दिवस उशीर ते. त्या महिन्याच्या चौकोनात ००० नव्हतं.

हे लपवायचं का? अजिबात नाही, कारण समोरच्याला ते दिसतंयच. तुम्ही लिहिलं 'कधीही उशीर केला नाही' आणि त्याला तो चौकोन दिसला की बाकीच्या पत्रावरचा पण विश्वास उडाला. आणि दोन पानं स्पष्टीकरण पण द्यायचं नाही. काय झालं, किती दिवस, कधी भरलं, परत होऊ नये म्हणून काय केलं, एवढं दोन वाक्यांत. त्यानंतरची बिलं सलग पूर्ण भरलीत हे त्याच्याच पुढं लिहायचं.

राहिला मागणीचा आकडा. तीन लाख का? "मागताना जास्तच मागायचं दाजी, मग कमी करून देतात." ही लक्ष्मीपुरीत भाजी घ्यायची पद्धत झाली. बँकेत असं करून बघा, आकडा पगाराच्या पावणेसहा पट गेला की बऱ्याचदा कमी करून देत नाहीत, सरळ नाही म्हणतात. प्रत्येक बँकेचा आपला हिशोब असतो आणि तो ती सांगत नाही, पण आमच्याकडं ढोबळ अंदाज हातात येणाऱ्या पगाराच्या दोन ते तीन पट असा असायचा. तीन पट म्हणजे १,५७,०००. शिवाय दुसरी चाळणी अशी, की पगारातला किती भाग हप्त्यांत जातो. याचा बाईकचा हप्ता ४,१०० आहे. कार्डाचा हप्ता नसतो, पण काही ठिकाणी पूर्ण लिमिट वापरली असं धरून तिचे पाच टक्के महिन्याचा बोजा मोजतात. दीड लाखाचे पाच टक्के ७,५००, त्यात बाईकचे ४,१००, झाले ११,६००. पगाराच्या साधारण २२ टक्के. चाळीस-पन्नास टक्क्यांवर गेलं की बँका हात आखडतात, हे त्याच्या बरंच खाली आहे. घराचा हप्ता असता आणि तो वीस हजार असता तर हाच आकडा साठ टक्क्यांवर गेला असता आणि मग मी त्याला दीड लाख मागच म्हटलं नसतं.

आणि दीड लाखाला अजून एक आधार आहे. वर्षभराचं सरासरी बिल ४६,०००. दीड लाखावर तेवढाच खर्च राहिला तर वापर येतो साधारण ३१ टक्के. म्हणजे मागणी हवेतनं आली नाही, त्याच्या खर्चातनंच निघाली. हे पत्रात लिहिता येतं, तीन लाखाचं काय लिहिणार?

मग आम्ही तिथंच बाकावर बसून नवीन पत्र केलं. ते असं :

दिनांक : ६ ऑक्टोबर २०२५

प्रति, व्यवस्थापक, क्रेडिट कार्ड विभाग

विषय : शेवटचे चार अंक ____ असलेल्या कार्डची मर्यादा ६०,००० वरून १,५०,००० रुपये करण्याबाबत

महोदय,

वरील कार्ड मी २०२१ पासून वापरतो. कार्ड मिळाले तेव्हा माझा हातात येणारा मासिक पगार २७,५०० रुपये होता व मर्यादा त्यानुसार ठरली होती. जून २०२४ पासून मी नवीन कंपनीत कायम नोकरीत आहे व सध्या हातात येणारा पगार ५२,४०० रुपये आहे. हा पगार दुसऱ्या बँकेत जमा होत असल्याने आपल्या नोंदीत तो आला नसावा. जुलै ते सप्टेंबर २०२५ च्या सॅलरी स्लिप, पगार खात्याचे सहा महिन्यांचे स्टेटमेंट व मागील वर्षाचा फॉर्म १६ सोबत जोडला आहे.

ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या बारा महिन्यांत माझे बिल सरासरी ४६,००० रुपये आले व बाराही बिलांची संपूर्ण रक्कम मी मुदतीत भरली आहे. यापैकी साधारण १९,००० रुपये कंपनीच्या कामाच्या प्रवासाचे असतात, ते कंपनी मला पुढील महिन्यात परत देते. ही रक्कम मी वरील पगारात धरलेली नाही. मर्यादा कमी असल्याने माझा वापर ७५ टक्क्यांच्या वर दिसतो. मर्यादा १,५०,००० झाल्यास याच खर्चाला तो साधारण ३१ टक्के राहील.

ऑगस्ट २०२४ चे बिल नोकरी बदलताना जुन्या खात्यावरील ऑटो डेबिट परत गेल्याने नऊ दिवस उशिरा, पण पूर्ण भरले गेले. त्यानंतर ऑटो डेबिट नवीन खात्याला, संपूर्ण रकमेसाठी लावले आहे व पुन्हा उशीर झालेला नाही.

माझ्यावर सध्या दुचाकीचा ४,१०० रुपयांचा एकच हप्ता चालू आहे. दुसरे कर्ज किंवा दुसरे क्रेडिट कार्ड नाही. संपूर्ण वाढ शक्य नसल्यास आपल्या धोरणात बसेल तेवढी करावी. नकार असल्यास त्याचे कारण लेखी कळवावे.

आपला,
(सही, नाव, नोंदणीकृत मोबाईल)

बघा, यात 'प्रामाणिक', 'जुना ग्राहक', 'नम्र' काहीच नाही. पत्र एका पानात बसतं आणि त्यातला प्रत्येक आकडा जोडलेल्या कागदात नाहीतर बँकेच्याच नोंदीत सापडतो. प्रवासखर्चाची ओळ मुद्दाम घातली, कारण पगार खात्याच्या स्टेटमेंटमध्ये ते वेगळे पैसे दिसणारच होते आणि हे काय म्हणून शंका निघाली असती. 'बसेल तेवढी करावी' ही ओळ पण कामाची आहे, नाहीतर काही ठिकाणी दीड लाख बसत नाही म्हणून फाईल तशीच बंद होते. तुमच्याकडं दुसरं कार्ड असेल तर ते सांगा, लपत नाही ते, सगळ्या कार्डांच्या लिमिटची बेरीज धरली जाते.

पत्र मराठीत दिलं तरी चालतं, पण फाईल बाहेरच्या राज्यात जाणार असेल तर हेच इंग्रजीत करून द्या, आकडे तेच. बँकेत रजिस्टर असलेल्याच ईमेलवरनं पाठवा. शाखेत देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेऊन पोच घ्या, मेव्हण्याच्या पहिल्या पत्राची पोचच नव्हती त्यामुळं ते नाकारलं कधी आणि का हे विचारायला पण काही हातात नव्हतं. पीडीएफला पासवर्ड असेल तर काढून जोडा, उघडत नाही म्हणून बाजूला पडलेल्या फायली मी बघितल्यात. कार्डचा पूर्ण नंबर, मागचा तीन अंकी सीव्हीव्ही, यातलं काहीही पत्रात लिहायचं नाही, शेवटचे चार अंक पुरतात.

आणि हे सगळं करायच्या आधी एकदा बँकेचं ॲप उघडून बघा, तिथं वाढीव लिमिटची ऑफर आधीच येऊन पडलेली असेल तर पत्राची गरजच नाही. नसेल आणि पत्रालाही नकार आला तर लगेच चार दुसऱ्या बँकांत नवीन कार्डला अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टात उमटते आणि महिन्यात चार चौकश्या म्हणजे हा पैशाच्या मागं धावतोय असं दिसतं. कारण बघा, ते दुरुस्त करा, पाच-सहा महिन्यांनी परत द्या.

मेव्हण्यानं पत्र दिल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला फोन आला, "सर आपली लिमिट वाढवायची आहे ना, मोबाईलवर ओटीपी आलाय तो सांगा." गडी सांगणारच होता, कारण अर्ज खराच दिलेला आणि फोन पण लगेच आलेला. पण हे फोनवाले सगळ्यांनाच हाच फोन करत असतात, एखाद्याचा अर्ज नेमका चालू असतो एवढंच. लिमिट वाढवायला फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही, त्या ओटीपीनं होते ती खरेदी. त्यानं 'दाजींना विचारून सांगतो' म्हणून फोन ठेवला, पलीकडचा पण गप्प.

म्हणून पंधरा दिवसांनी खरा मेसेज आला तेव्हा त्यानं कामावरनंच मला फोन केला, मागं भट्टीचा आवाज, "दाजी, लिंक आलीय, दाबू का?" म्हटलं लिंक दाबू नको, ॲप उघड. ॲपमध्ये होतंच, लिमिट १,२५,००० करण्यास तुमची संमती आहे का. ग्राहकानं हो म्हटल्याशिवाय बँकेला लिमिट वाढवता येत नाही, तेव्हा तो प्रश्न तिथं असणारच होता. दीड लाख नाही मिळाले, पण सव्वा लाखावर त्याचा वापर ३७ टक्क्यांच्या आसपास येतो आणि चाकणच्या तीन-चार फेऱ्या एका महिन्यात बसतात. "हो" दाबलं त्यानं.